फॉयरचा रेंडर: आरसा करडा, भिंती हळदी. काय चुकतंय?

रेघोट्या
मंडळी, पाथर्डी फाट्याजवळच्या एका टू-बीएचकेचं काम आलंय. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत, मुलगा परदेशात. त्यांना सगळ्यात आधी फॉयरचा रेंडर बघायचाय, कारण 'घरात शिरल्याशिरल्या कसं वाटतं ते कळू दे, मग पुढचं बोलू' असं त्यांचं म्हणणं.

फॉयर ४ फूट ६ इंच रुंद आणि ७ फूट १० इंच लांब आहे. एका आखूड बाजूला मुख्य दार, समोरची आखूड बाजू हॉलकडे उघडी. आत शिरल्यावर डाव्या लांब भिंतीवर सगळं बसवलंय: दारापासून फूटभर सोडून ३ फुटी शू कॅबिनेट, १४ इंच खोल. त्याला लागून ३ फुटी कन्सोल टेबल आणि त्यावर उभा आरसा. सीलिंगला मधोमध गोल १८ वॅटचं वॉर्म एलईडी पॅनेल.

ब्लेंडर वापरतोय, त्यातलं सायकल्स इंजिन. पूर्ण डावी भिंत एका चौकटीत यावी म्हणून उजवी भिंत डिलीट केली आणि कॅमेरा मागे नेला, लेन्स ३५. अडचणी तीन. आरशात काहीच दिसत नाही, नुसता गडद करडा ठोकळा. पॅनेलभोवतीचं सीलिंग जळून पांढरं झालंय. आणि पांढरं लॅमिनेट हळद लावल्यासारखं पिवळं दिसतंय. लाइटला `Blackbody` लावून ३००० टाकलंय, कारण खोक्यावरही तेच लिहिलंय. शनिवारी बाईंना दाखवायचंय.

धुरंधर_ग्राफिक्स
आरशाचं सोपं आहे भाऊ. आरशात फक्त तेच दिसतं जे कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेऱ्यामागचं काही आरशात येणारच नाही. आरशावर `Light Probe` मधला प्लेन टाक, आरशापेक्षा किंचित मोठा, आणि अगदी चिकटवून ठेव. झालं काम. मी सगळे आरसे असेच करतो.

पिवळ्याचं म्हणशील तर लाइट सरळ पांढरा ठेव आणि शेवटी फोटोशॉपमध्ये थोडा उबदार रंग चढव. क्लायंटला काय कळतंय.

वास्तुप्रेमी_नाशिककर
मुख्य दाराच्या समोर आरसा अजिबात नको. आलेली लक्ष्मी परत जाते. आधी आरसा हलवा, मग बाकीचं बघा.

रेघोट्या
काका, आरसा समोर नाही, आत शिरताना डाव्या हाताला बाजूच्या भिंतीवर आहे. दार त्यात दिसत नाही.

वास्तुप्रेमी_नाशिककर
मग ठीक. पण चपलांचं कपाट कुठल्या दिशेला येतंय ते सांगितलंच नाहीत.

कवडसा
धुरंधर म्हणतोय ते ब्लेंडरच्या दुसऱ्या, ईव्ही इंजिनमध्ये खरं आहे. तिथे प्रतिबिंब पडद्यावर जे आहे त्यातूनच उचललं जातं, म्हणून प्लेन प्रोब लागतो. पण रेघोट्या सायकल्समध्ये आहे. सायकल्स प्रत्येक किरण आरशावरून परत फेकून बघतो की तो पुढे कशाला धडकतो, मग ती वस्तू कॅमेऱ्यामागे का असेना. तुझा किरण आरशावरून वळला, उजव्या भिंतीच्या दिशेने गेला आणि भिंतच नव्हती. तो थेट बाहेर `World` मध्ये पोचला. ब्लेंडरचा `World` मुळात गडद करडा असतो. तो करडा ठोकळा म्हणजे तुझ्या घराबाहेरचं रिकामं आकाश आहे. आरसा बिचारा खरं तेच दाखवतोय.

भिंत परत आण. मग ती निवडून `Object Properties` मध्ये `Visibility`, त्याखाली `Ray Visibility`, आणि तिथली फक्त `Camera` ची खूण काढ. भिंत कॅमेऱ्यापुरती अदृश्य होते, पण आरशात दिसते आणि उजेडही तिच्यावर आपटून परत येतो. कॅमेऱ्याचं `Clip Start` वाढवूनही हेच साधतं, कारण सायकल्समध्ये ते कापणं फक्त कॅमेऱ्यातून निघालेल्या किरणांना लागू होतं. पण तिरक्या कोनात क्लिपिंगने कन्सोलचा कोपरासुद्धा कापला जातो, म्हणून मी पहिला मार्ग वापरते.

आता खरी गंमत. तुझं सीलिंग जळण्यामागेही अर्धा हात त्या डिलीट केलेल्या भिंतीचा आहे. साडेचार फुटी पट्ट्यात निम्मा उजेड भिंतींवर आपटूनच येतो. एक अख्खी लांब भिंत गेली की उजेड बाहेर सांडतो आणि खाली अंधारतं. मग आपण लाइट वाढवतो, आणि जवळचं सीलिंग जळतं. तू लाइटला किती दिलेस?

रेघोट्या
१८ च. पॅनेल १८ वॅटचं आहे ना.

कवडसा
वाटलंच. खोक्यावरचे १८ वॅट म्हणजे मीटर किती फिरणार ते. ब्लेंडरचा वॅट म्हणजे लाइटमधून बाहेर पडणारी किरणांची शक्ती. साधारण ८०० लुमेनच्या बल्बला तिथे दोन-सव्वादोन वॅट पुरतात. तुझं १८ वॅटचं पॅनेल ढोबळमानाने दीड-पावणेदोन हजार लुमेनचं असेल, म्हणजे चार-साडेचारच्या पुढे जाऊ नकोस. गोल `Disk` आकाराचा `Area` लाइट घे, पॅनेलच्याच व्यासाचा, आणि पॅनेलच्या काचेच्या केसभर खाली ठेव.

एवढ्याने चित्र अंधारेल. घाबरून लाइटला हात लावू नकोस. `Render Properties` मध्ये खाली `Color Management` आहे, तिथे `Exposure` वाढव. तुझ्या आकाराच्या जागेत दीड ते दोनच्या आसपास ठरेल असा अंदाज. फोटोग्राफरही घराचे बल्ब बदलत नाही, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर बदलतो. पुढे आरशावर लाइटची पट्टी लावायची म्हटलं तर दोन लाइटांचं एकमेकांशी प्रमाण खरं राहतं, हा वेगळा फायदा.

रेघोट्या
ताई, आत्ताच करून बघितलं. भिंत परत आणली, खूण काढली, लाइट साडेचार, एक्स्पोजर १.८. आरशात आता समोरची भिंत दिसते, सीलिंग शांत झालं. पण हळद तशीच.

कवडसा
हळदीचं कारण वेगळं. ३००० केल्विनचा आकडा बरोबरच आहे, तो बदलू नकोस. पण त्या खोलीत प्रत्यक्ष उभं राहिलं तर मिनिटभरात डोळा सरावतो आणि पांढरं लॅमिनेट पांढरंच वाटायला लागतं. रेंडरला तो सराव नाही. तो ६५०० ला पांढरं मानून बसलेला असतो, म्हणून ३००० चा उजेड त्याला नारिंगी दिसतो.

ब्लेंडर ४.३ पासून `Color Management` मध्येच `White Balance` आलंय. ते चालू करून `Temperature` ४२०० च्या आसपास ठेव. बरोब्बर ३००० ठेवलंस तर सगळं दवाखान्यासारखं पांढरं होईल आणि वॉर्म लाइट दिलाय हेच कळणार नाही. थोडी ऊब उरली पाहिजे. मी स्क्रीनशेजारी कोरा कागद धरते, आणि लॅमिनेट त्याच्याहून हलकंसं सायीसारखं दिसलं की थांबते.

धुरंधरची फोटोशॉपची युक्ती एकच लाइट असेल तर चालून जाते. पण ह्या फॉयरला हॉलच्या बाजूने बाल्कनीचा दिवसाचा उजेड येणार. तो पांढरट-निळा, पॅनेल पिवळं. शेवटी सगळ्यावर एकच रंग चढवलास तर हॉलचा उजेडही पिवळा होतो, आणि तिथेच चित्र खोटं वाटायला लागतं. व्हाइट बॅलन्स केल्यावर हॉलची कड किंचित निळी दिसेल, ती तशीच राहू दे. संध्याकाळी दिवे लावलेल्या घराचे फोटो असेच येतात.

धुरंधर_ग्राफिक्स
बरं, ईव्हीचं माझ्या डोक्यात होतं. पण माझ्या लॅपटॉपवर सायकल्स म्हणजे एका फ्रेमला जेवून यायचं. सगळ्यांकडे ग्राफिक कार्ड नसतं ताई.

कवडसा
खरंय. त्यासाठी ईव्हीला नाक मुरडायचं कारण नाही, प्रोब लावून आरसा छान येतो.

मंदाताई_इंदिरानगर
मी ह्यातली तज्ज्ञ नाही, वाचक आहे. पण फॉयरचा रेंडर म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे डिझायनरने असंच चित्र दाखवलं होतं. बसायला बेंच, भला मोठा आरसा, बाजूला कुंडी. चित्रात दोन माणसं ऐसपैस उभी राहतील असं वाटत होतं. मी लगेच हो म्हटलं. आता प्रत्यक्षात पाहुणे आले की एक जण आत येऊन चप्पल काढतो आणि बाकीचे लिफ्टपाशी रांगेत. पावसाळ्यात तर छत्र्या, ओल्या चपला, नातवाचे गमबूट, विचारू नका. जागा तीच होती हो, पण चित्रात मोठी कशी दिसली हे मला अजून कळलेलं नाही.

कवडसा
मंदाताई, तुमचं चित्र मी बघितलेलं नाही, पण रेघोट्याच्या चित्रात तेच होतंय, म्हणून सांगते.

एक साधा हिशेब आहे. चित्रात जेवढी रुंदी बसवायची ती मीटरमध्ये घ्या, लेन्सच्या आकड्याने गुणा, ३६ ने भागा. तेवढ्या मीटर अंतरावर कॅमेरा लागतो. रेघोट्याची भिंत २.४ मीटर, लेन्स ३५, म्हणजे अंतर २.३३ मीटर. फॉयरची रुंदी आहे १.३७. कॅमेरा भिंतीच्या पलीकडे जवळजवळ मीटरभर उभा आहे, बहुधा बाईंच्याच बाथरूममध्ये. तिथून ते कॅबिनेट कुणालाही कधीच दिसणार नाही. आडव्या चित्रात बघणाऱ्याला वाटतं की आपण फॉयरमध्ये उभे राहून एवढं लांबून बघतोय, म्हणजे जागा तेवढी रुंद असणार.

लेन्स १८ केलीस तर कॅमेरा जेमतेम फॉयरच्या आत मावतो, पण मग कडेचं कन्सोल ओढल्यासारखं ताणलं जातं. मापाला बरोबर, डोळ्याला विचित्र.

म्हणून मी भिंतीपलीकडचं चित्र देते, पण त्याला 'एलेव्हेशन', म्हणजे भिंतीचं समोरून काढलेलं चित्र, म्हणूनच देते, जागा दाखवणारं चित्र म्हणून नाही. जागेसाठी दुसरं: कॅमेरा हॉलमध्ये, दाराकडे तोंड, उभी चौकट, लेन्स २४, उंची दीड मीटरच्या आतबाहेर. कॅमेरा वरखाली कलवायचा नाही, नाहीतर दाराची चौकट तिरकी होते. सीलिंग कमी-जास्त हवं असेल तर `Shift Y` ने सरकव. तिथे माणूस खरंच उभा राहू शकतो, आणि त्या चित्रात दोन्ही भिंतींमधली अरुंदी लपत नाही.

रेघोट्या
पण ताई, ते चित्र बघून बाई नाही म्हणाल्या तर?

लाकूडतोड्या
नाही म्हणाल्या तर बरंच होईल, मी सांगतो का ते. मी सुतारकाम आणि फिटिंगची कामं घेतो, गंगापूर रोड-पाथर्डी भागातच जास्त. तुमच्या सगळ्या लाइट-आरशात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. दार कुठल्या बाजूला उघडतं?

रेघोट्या
आत. बिजागऱ्या डाव्या बाजूला, म्हणजे कॅबिनेटच्याच भिंतीकडे. दार साडेतीन फुटी आहे. डाव्या भिंतीपासून बिजागरी ६ इंचांवर. रेंडरमध्ये दार बंदच ठेवलंय.

लाकूडतोड्या
सगळे बंदच ठेवतात. जरा उघडून बघा मॉडेलमध्ये. दाराचा पिव्हट बिजागरीवर आणा आणि फिरवा.

मी कागदावर काढलं. कॅबिनेट दारापासून फूटभर पुढे सुरू होतं आणि १४ इंच बाहेर येतं. बिजागरी ६ इंचांवर. म्हणजे कॅबिनेटचा कोपरा बिजागरीपासून ८ इंच आत आणि १२ इंच पुढे. दार त्या कोपऱ्यावर साधारण ५६ अंशात आपटणार. पूर्ण उघडायला ९० लागतात. ५६ वर अडकलं की जायला वाट उरते साडेअठरा इंच, त्यातही हँडलचं वेगळं. माणूस आडवा होऊन जाईल. फ्रिज? वॉशिंग मशीन? दिवाण? उद्या बाई आजारी पडल्या आणि स्ट्रेचर आणायची वेळ आली तर?

असं एक काम मी स्वतः उपटून काढलंय. दाराच्या व्हीनियरवर कॅबिनेटच्या कोपऱ्याने चंद्रकोर कोरली होती. मालक म्हणे डोअर स्टॉपर लावा. स्टॉपर लावला की दार आणखी कमी उघडतं, हे त्याला पटवताना अर्धा दिवस गेला.

धुरंधर_ग्राफिक्स
मग पातळ कॅबिनेट घ्यायचं ना, पुढे झुकणाऱ्या फ्लॅपवालं. ७ ते ९ इंचांत येतं. बूट उभे राहतात आत. प्रश्न मिटला.

लाकूडतोड्या
अर्धा मिटला. ९ इंच धरलं तर दार ७६ अंशांपर्यंत जाईल, वाट जवळजवळ ३२ इंच. रोजच्या येण्याजाण्याला ठीक. पण फ्लॅपमध्ये गावठी जाड तळव्याचे सँडल आणि मोठ्या मापाचे स्पोर्ट शूज अडकतात, फ्लॅप पूर्ण बंद होत नाही. बाईंचा मुलगा सुटीला आला की त्याचे शूज कॅबिनेटवरच राहणार बघा. सरळ ठेवायचे तर पुरुषी बुटाला आतून १२-१३ इंच लागतातच, दरवाजा आणि पाठीची प्लाय धरून १४. म्हणून तर रेघोट्याने १४ घेतले असणार.

रेघोट्या
हो दादा, बूट मोजूनच १४ घेतले होते. दार फिरवलं आत्ता, ५५-५६ वर घुसतंय कॅबिनेटमध्ये. मग कॅबिनेट हॉलच्या बाजूला आणि कन्सोल दारापाशी अशी अदलाबदल केली तर?

लाकूडतोड्या
कन्सोल किती खोल?

रेघोट्या
१२ इंच.

लाकूडतोड्या
मग काय बदललं? बिजागरी ६ वर, कन्सोल १२ पर्यंत बाहेर. दार त्यावर आपटणार, फक्त थोडं उशिरा. त्या भिंतीवर दारापासून साडेतीन फुटांत काहीच ठेवायचं नाही, फार तर किल्ल्यांचा हूक आणि छत्रीची दांडी. त्यापुढे ४ फूट ४ इंच उरतात. तिथे ४ फुटी एकच युनिट करा, १४ इंच खोल. खाली बूट, वरचा माथा हाच कन्सोल, त्यावर आरसा. दार पूर्ण उघडतं, समोर ४० इंचांची वाट राहते.

आणि खालून ४ इंच उचला. नाशिकचा पाऊस असला की ओल्या चपला युनिटखाली सरकवता येतात. आत कोंडल्या की दोन दिवसांत वास. पल्ल्यांना जाळी किंवा वरखाली फटी ठेवा, काच नको.

रेघोट्या
पण बाईंनी फोनवर तीनदा 'कन्सोल टेबल' म्हटलंय. त्यांच्या बहिणीकडे आहे म्हणे, नाजूक पायांचं, त्यावर गणपती आणि समई.

मंदाताई_इंदिरानगर
अहो, बहिणीकडचं हॉलसारखं फॉयर असेल. त्यांना दाराचं सांगा, ऐकतील. शिक्षिका आहेत ना, आकृती काढून दाखवा. शिवाय चपलांच्या कपाटाच्या माथ्यावर गणपती? ते मात्र त्यांना चालायचं नाही, लिहून ठेवा.

वास्तुप्रेमी_नाशिककर
अजिबात नाही चालणार. हे मी सांगणारच होतो.

लाकूडतोड्या
हा मुद्दा खरा आहे, मला सुचला नव्हता. गणपतीसाठी उजव्या भिंतीवर वेगळी छोटी फळी घ्या, ५-६ इंचांची, दाराच्या फिरण्याच्या बाहेर.

कवडसा
लाकूडतोड्यादादा, तुमच्या ४ फुटी युनिटवरून मला एक आठवलं. आरसा हॉलच्या बाजूला आहे, म्हणजे मधोमधचं पॅनेल त्याच्या बरोबर समोर येत नाही. आरशात बघणारा माणूस भिंतीपासून दोनेक फुटांवर उभा राहतो. लाइट त्याच्या डोक्यावर किंवा मागे आला तर डोळ्यांखाली काळी सावली पडते, कुंकू लावताना चेहरा दिसत नाही. रेघोट्या, पॅनेल त्याच जागी ठेवायचं असेल तर आरशासमोर, भिंतीपासून फूटभर अंतरावर, एक छोटा ३००० केल्विनचाच डाउनलाइट सीलिंगला दे. दोघांचे केल्विन वेगळे घेऊ नकोस, आरशात अर्धा चेहरा पिवळा नि अर्धा पांढरा दिसतो.

रेंडरमध्ये हे तपासायचं तर आरशासमोर एक साधा माणसाचा पुतळा ठेव आणि चेहऱ्यावरची सावली बघ. क्लायंटला द्यायच्या चित्रातून तो काढून टाक. नाहीतर 'हा कोण' एवढंच विचारतील.

रेघोट्या
सीलिंग पीओपीचं झालेलं आहे बिल्डरकडून. डाउनलाइटला कापावं लागेल, वायर ओढावी लागेल. बाईंचं बजेट आधीच ताणलेलं आहे.

लाकूडतोड्या
मग आरशालाच पट्टी लावा, युनिटमधून वायर काढा. सीलिंगला हात नको.

कवडसा
पट्टी आरशाच्या मागे लावलीस तर भिंत उजळते, चेहरा नाही. दोन्ही उभ्या कडांना, दुधी कव्हरमध्ये, पुढे तोंड करून हवी. आणि रेंडरमध्ये ती आरशाला खेटून असली की पांढरे ठिपके उडतील. `Light Paths` मध्ये `Caustics` खालचं `Reflective` बंद केलंस की बरेच जातात.

रेघोट्या
ठीक. आता दोन चित्रं करतोय. एक हॉलमधून दाराकडे, उभं, २४ ला, दार ९० अंशात उघडं ठेवून. दुसरं समोरून, त्यावर 'एलेव्हेशन' असं स्पष्ट लिहून. ४ फुटी युनिट, खाली ४ इंच मोकळं, गणपतीची फळी उजवीकडे. जुन्या कन्सोलच्या मांडणीचंही एक देतो, दार ५६ वर अडकलेलं दाखवून. म्हणजे बाईंना निवडता येईल.

मंदाताई_इंदिरानगर
ते अडकलेल्या दाराचं चित्र सगळ्यात आधी दाखव हो.

धुरंधर_ग्राफिक्स
आणि हो म्हणाल्या तर फाइल टाक इथे. ईव्हीत करून बघतो, किती फरक पडतो ते.

रेघोट्या
टाकतो. फळीला बाईंनी होकार दिला तर. नाही तर परत इथेच येतो विचारायला, कारण नाजूक पायांचं टेबल सोडायला त्या तयार होतील असं मला अजून तरी वाटत नाही.